सहाशे मीटर आरएस-४८५: कॅट-५ई की १२० ओहमची केबल, आणि टोकाला रेझिस्टर लावायचा का?

समजा, सहाशे मीटरच्या एकाच ओळीत बारा सेन्सर आहेत आणि वेग ९६०० बॉड आहे. हाताशी कॅट-५ई आहे, पण कॅटलॉगमध्ये आरएस-४८५ साठीची १२० ओहमची शिल्ड असलेली केबल दिसते. तिला जास्त पैसे मोजावेत का?

इम्पिडन्ससाठी तर नकोच. कॅट-५ई १०० ओहमची असते. तिच्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर लावला तर परतणारी लाट मूळ लाटेच्या जेमतेम नऊ टक्के असते. शिवाय कॅट-५ईची तार २४ गेजची असते, आणि बाजारातल्या बऱ्याच १२० ओहमच्या केबल्सही तेवढ्याच जाडीच्या असतात. म्हणजे तारेच्या रोधातही फरक नाही. फरक पडतो तो शिल्डने. केबल मोटरच्या व्हीएफडी ड्राइव्हच्या शेजारून जाणार असेल, तर मी शिल्डवालीच घेईन.

कॅट-५ईचा खरा धोका जोडणीत आहे. ए आणि बी एकाच पिळाच्या जोडीत हवेत. मी एकदा ए नारिंगी तारेवर आणि बी निळ्या तारेवर घेतलेली लाइन पाहिली आहे. टेबलावर ती छान चालली, पण मोटर सुरू झाली की चुका सुरू.

आता रेझिस्टर. लाट तांब्यातून मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद घेते, म्हणजे सहाशे मीटर जाऊन परत यायला ६ मायक्रोसेकंद. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो आणि तो मध्यावर वाचला जातो. तोवर प्रतिध्वनी विरून गेलेला असतो, त्यामुळे रेझिस्टरविनाही चालते. १,१५,२०० बॉडला मात्र बिट ८.७ मायक्रोसेकंदांचाच, म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहम हवेतच.

रेझिस्टर फुकट मिळत नाहीत, ही बाजू बरेचजण विसरतात. कोणीच बोलत नसताना ते ए-बी मधला फरक शून्याकडे ओढतात, म्हणून बायस लावावा लागतो. मास्टरपाशी ५ व्होल्टवर ५६०-५६० ओहमचा बायस दिला, तर तिथे ०.३२ व्होल्ट मिळतात. पण २४ गेजच्या सहाशे मीटर जोडीचा जाऊन-येऊन रोध सुमारे १०० ओहम असतो. त्यामुळे दूरच्या टोकाला ०.१८ व्होल्टच उरतात, आणि जुन्या रिसीव्हरला ०.२ लागतात. परिणाम: लाइन शांत असताना कचरा बाइट. बायस ४७० ओहमचा केला तर तिथे ०.२१ येतात, पण ते काठावरच आहे. फेलसेफ ट्रान्सीव्हर असतील तर हा प्रश्नच उरत नाही.

म्हणून ९६०० बॉडला, जुनी उपकरणे असतील तर, मी रेझिस्टर लावणार नाही. वेग वाढवायचा असेल तर ते लावून फेलसेफ ट्रान्सीव्हर घेईन.

लावले तर वीज बंद करून, बायस सोडवून मास्टरपाशी ए-बी मोजा. लहान लाइनवर ६० ओहम दिसतात, इथे तारेच्या रोधामुळे ७८ च्या आसपास. १२० दिसले तर दूरचा रेझिस्टर गायब आहे. आकडा ७८ पेक्षा बराच खाली असेल, तर मधल्या एखाद्या सेन्सरचा जंपर कोणीतरी चालू ठेवलाय.