द्विपद की पॉयसाँ? आधी ‘न घडलेलं’ मोजून बघा

सदाशिव पेठेत माझ्याकडे शिकायला येणारी मुलं प्रश्नात ‘सरासरी’ दिसली की थेट पॉयसाँ लावतात. मी त्यांना एकच विचारते: घटना किती वेळा घडली नाही, ते मोजता येतं का?

भोसरीच्या वर्कशॉपमधून 50 बोल्टचं खोकं आलं, प्रत्येक बोल्ट सदोष असण्याची संभाव्यता 0.02. इथे चांगले बोल्टही मोजता येतात, म्हणजे n ठरलेला आहे, हे द्विपदच. रस्त्यावर दर किलोमीटरला सरासरी 3 खड्डे असतील, तर ‘न पडलेले खड्डे’ कसे मोजणार? तिथे पॉयसाँ.

आता खोक्यात किमान 3 सदोष निघण्याची संभाव्यता काढू. 0, 1 आणि 2 यांची बेरीज 1 मधून वजा करायची:

```
1 − (0.3642 + 0.3716 + 0.1858) = 0.0784
```

n मोठा, p लहान असल्यामुळे λ = np = 1 धरून पॉयसाँही चालतं, आणि हातानं करायला ते फार सुटसुटीत आहे:

```
1 − e⁻¹(1 + 1 + 1/2) = 0.0803
```

फरक अगदी किरकोळ. पण n = 10, p = 0.3 असताना हाच शॉर्टकट घेतलात तर फसाल. एकही सदोष नसण्याची संभाव्यता द्विपदानं 0.0282 येते, पॉयसाँनं 0.0498. कारण विचरणात आहे: द्विपदाचं np(1−p) म्हणजे 2.1, पॉयसाँचं मात्र सरासरीइतकंच, 3. p मोठा झाला की (1−p) सोडून देणं महागात पडतं.