थ्रॉन: जुना वाचावा की नवा?

भाचा विचारत होता, 'स्टार वॉर्स'मधल्या थ्रॉन या खलनायकावरची कोणती कादंबरी घेऊ? लेखक एकच, टिमथी झान. १९९१ साली सुरू झालेली त्रयी, त्या काळच्या इतर कादंबऱ्यांसह, 'स्टार वॉर्स'च्या निर्मात्या लुकासफिल्मने २०१४मध्ये 'लेजेंड्स', म्हणजे दंतकथा, ठरवून कॅननबाहेर, म्हणजे अधिकृत कथेबाहेर, काढली. २०१७ची 'थ्रॉन' मात्र कॅनन.

पडद्याशी मेळ हवा तर नवीच. जुन्या कादंबऱ्यांच्या विश्वात चित्रपटांतला केसाळ सोबती चुबाका १९९९च्या कादंबरीत मरतो, २०१५च्या चित्रपटात धडधाकट! चाहते चिडले ते यामुळेच. वर्षानुवर्षं जपलेल्या घटना एका घोषणेने 'घडल्याच नाहीत' झाल्या.

कथेला शेवट मात्र जुन्या त्रयीतच आहे, तिसऱ्या पुस्तकात थ्रॉनचा निकाल लागतो. नवी त्याच्या उमेदवारीची. पुढचं 'स्टार वॉर्स'च्या टीव्ही मालिकांत शोधावं लागतं. मालिका पाहणाऱ्याने नवी घ्यावी, नुसत्या वाचकाने जुनी.