पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा आणि उन्हाळी: जेल, इस्ट्रोजेन क्रीम की गोळ्या?

इस्ट्रोजेन कमी झालं की योनीमार्गाचं आणि मूत्रमार्गाच्या तोंडाचं अस्तर पातळ होतं, तिथली आम्लता घटते आणि चांगले जंतू टिकत नाहीत. म्हणून कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं आणि सारखी उन्हाळी लागणं बरोबरीने येतं.

त्रास फक्त कोरडेपणाचा असेल तर आधी विनाहार्मोन मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा आणि संबंधाच्या वेळी ल्युब्रिकंट जेल वापरून पाहावं. पण जेलने अस्तर पुन्हा जाड होत नाही, जंतुसंसर्गही थांबत नाही.

समजा, 58 वर्षांच्या बाईंना वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग झाला, तिन्ही वेळा कल्चरमध्ये जंतू सापडले. इथे क्रीमच उजवं. 1993 च्या एका चाचणीत एस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचं क्रीम वापरणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी 0.5 वेळा संसर्ग झाला, औषधाविना क्रीम वापरणाऱ्यांना 5.9 वेळा. एका ग्रॅममध्ये 1 मिलिग्रॅम एस्ट्रिऑल असलेलं क्रीम साधारणपणे दोन आठवडे रोज रात्री अर्धा ग्रॅम आणि पुढे आठवड्यातून दोनदा लावतात. 15 ग्रॅमची ट्यूब त्या हिशेबाने सुमारे दहा आठवडे पुरते. ॲप्लिकेटर त्रासदायक वाटला तर बोटाने आत, पुढच्या भिंतीवर आणि थोडं मूत्रमार्गाच्या तोंडाशी लावता येतं. सुरुवातीला थोडी जळजळ होते, कारण अस्तर नाजूक असतं. बऱ्याच जणी इथेच सोडून देतात. कोरडेपणात काही आठवड्यांत फरक पडतो, लघवीच्या त्रासाला मात्र तीन महिने द्यावे लागतात. बंद केलं की त्रास हळूहळू परततो.

अंगातून वाफा, रात्री घाम हाही त्रास असेल तर गोळ्यांचा किंवा पॅचचा विचार होतो. पण त्या हार्मोनचा परिणाम सगळ्या शरीरावर होतो. ट्यूबसोबतच्या कागदावर कॅन्सर, रक्ताच्या गाठी, पक्षाघात असं वाचून जी धास्ती बसते, ती प्रामुख्याने 2002 साली गाजलेल्या गोळ्यांच्या चाचणीतून आलेली आहे. कमी मात्रेच्या क्रीममधून रक्तात फारच थोडं इस्ट्रोजेन जातं, म्हणून गर्भाशयाचं अस्तर वाढू नये यासाठी सोबत देतात ती प्रोजेस्टेरॉनची गोळीही सहसा लागत नाही. मात्र ‘लवकर गुण येईल’ म्हणून ॲप्लिकेटर पूर्ण भरून रोज लावलं, तर हा हिशेब राहत नाही. विशेषतः कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेनच्या क्रीमचं तसं करू नये, गर्भाशयाचं अस्तर वाढू शकतं.

स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर आधी जेल, आणि त्याने भागलं नाही तरच कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून क्रीम. लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल चालू असताना स्वतःहून मुळीच नको, कारण ती औषधं इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर ठेवण्यासाठीच दिलेली असतात. पाळी गेल्यावर रक्ताचा डाग दिसला, तर क्रीम लावत असा वा नसा, तपासणी करून घ्यायलाच हवी.