खारं बोअर, आर्सेनिक आणि हीलियम सेल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमची लॅब छत्रपती संभाजीनगरला. पिण्याच्या पाण्यातले धातू तपासायला कोलिजन सेल असलेलं आयसीपी-एमएस घेऊन आता नऊ महिने झाले. सुरुवातीला दोन महिने हीलियम फक्त 'गरज पडली तर' वापरायचो. हीलियमचं सिलिंडर महाग पडतं आणि सेलमध्ये गॅस सोडला की काउंट्स पडतात, म्हणून. आज आर्सेनिकचा एकही आकडा हीलियमशिवाय रिपोर्टवर जात नाही. ज्या एका सॅम्पलमुळे हे बदललं, त्याबद्दलच मुख्यतः लिहितो, कारण मराठवाड्यात पाणी तपासणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर असं सॅम्पल कधी ना कधी येणारच.

नाथसागराचं पाणी लावलं तर फारसा त्रास होत नाही, क्लोराईड कमी असतं. पण मार्च उलटला की येणारी बोअरची सॅम्पल्स वेगळी असतात. पातळी खाली गेलेली असते, पाणी खारं होत जातं, आणि क्लोराईड 700-800 मिलिग्रॅम प्रति लिटर निघालं तरी आम्हाला नवल वाटत नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मध्ये क्लोराईडची स्वीकार्य मर्यादा 250 आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत चालतं. म्हणजे कागदावर हे पाणी पिण्यालायक ठरू शकतं, पण आयसीपी-एमएससाठी ते अवघड असतं.

प्लाझ्मा आर्गॉनचा. पाण्यातलं क्लोरीन त्या आर्गॉनला जोडलं जातं आणि आर्गॉन-40 अधिक क्लोरीन-35 मिळून 75 वस्तुमानाचा आयन तयार होतो. आर्सेनिकचं वस्तुमानही 75. क्वाड्रुपोलला हे दोन वेगळे दिसत नाहीत, तो दोन्ही एकाच खात्यात मोजतो. क्रोमियमचं असं झालं तर 52 आणि 53 असे दोन आयसोटोप ताडून बघता येतात, निकेलचे 60 आणि 62 बघता येतात. आर्सेनिक निसर्गात एकाच आयसोटोपचं आहे. त्याला दुसरा साक्षीदारच नाही. म्हणून सगळ्यात जास्त फसगत त्याच्याच आकड्यात होते.

आता ते सॅम्पल. बीड जिल्ह्यातला बोअर, क्लोराईड 860 मिलिग्रॅम, टीडीएस 2400 च्या आसपास. गॅस न सोडता आर्सेनिक आलं 4.1 मायक्रोग्रॅम प्रति लिटर. मर्यादा 10 ची, म्हणजे पास. पण मर्यादेच्या निम्म्याजवळ गेलेला आकडा गावकऱ्यांना काळजीत टाकतो, आणि शेजारच्या गोड्या विहिरीत जवळपास शून्य आलं होतं.

आमच्या सहकारी मॅडमनी आधी डायल्युशन करून बघितलं. टीडीएस 0.2 टक्क्याच्या वर गेलं की कोनवर मीठ साचतं, म्हणून पाच पट डायल्युशन तसंही करायचंच होतं. पाचाने गुणल्यावर पुन्हा 4 च आलं. "सर, डायल्युशनमध्ये आकडा टिकला, मग खराच असणार," असं त्या म्हणाल्या. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण डायल्युशनमध्ये आर्सेनिक पाच पट कमी होतं तसं क्लोराईडही होतं, आणि त्यासोबत आर्गॉन-क्लोराईडही. खोटा आकडा खऱ्यासारखाच टिकतो.

मग 5 मायक्रोग्रॅमचा स्पाइक घातला, रिकव्हरी 98 टक्के आली. यातही तीच गोम आहे. स्पाइक घातल्यावर किती वाढ झाली एवढंच रिकव्हरी सांगते. आधीपासून वर बसलेला खोटा भाग तिला दिसत नाही, तो दोन्ही वेळा तितकाच असतो आणि वजाबाकीत निघून जातो. सिग्नल दबला तर स्पाइक पकडतो, वरून भर पडली तर नाही. हा मुद्दा मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो, कारण रिकव्हरी चांगली आली की सगळे निश्चिंत होतात.

तिसरा मार्ग जुना, करेक्शन इक्वेशनचा. ईपीए 200.8 मध्ये दिलेलं आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असलेलं समीकरण असं:

```
As = C75 - 3.127 × (C77 - 0.815 × C82)
```

त्यामागचा विचार सोपा आहे. क्लोरीन-35 सोबत क्लोरीन-37 येतंच आणि ते आर्गॉनला जोडलं की 77 वर दिसतं. दोघांचं प्रमाण ठरलेलं, 3.127. पण 77 वर सेलेनियमही असतं, म्हणून 82 वरून त्याचा अंदाज काढून आधी तो वजा करायचा. त्या बोअरचे ब्लँक वजा केलेले काउंट्स 75 वर 41000, 77 वर 12550 आणि 82 वर 1990 होते. आमची संवेदनशीलता तेव्हा एका मायक्रोग्रॅमला 10000 काउंट्स. हिशेब मांडला तर उरतात 6828, म्हणजे 0.68 मायक्रोग्रॅम.

4.1 वरून 0.68. इथेच थांबलो असतो तर बरंचसं बरोबर असतं. पण 82 वरचे 1990 माझ्या मनात खुपत होते, कारण 78 वरून येणारं सेलेनियम त्या मानाने बरंच कमी होतं. खाऱ्या पाण्यात क्लोराईडसोबत ब्रोमाईडही असतं, आणि ब्रोमीन-81 ला एक हायड्रोजन चिकटला की 82 तयार. म्हणजे 82 मध्ये सगळं सेलेनियम नव्हतं. तो वाढीव भाग 77 मधून उगाच वजा झाला, क्लोराईडचा वाटा कमी धरला गेला आणि आर्सेनिक फुगलं. समीकरणाची अडचण हीच आहे. एका इंटरफेरन्सला दुरुस्त करताना ते दोन वेगळ्या वस्तुमानांवर विश्वास टाकतं, आणि त्यातली प्रत्येक चूक तिपटीने आर्सेनिकवर येऊन पडते.

हीलियम लावल्यावर तेच सॅम्पल 0.3 आलं. हायड्राइड जनरेशन असलेल्या जुन्या एएएसवर दुसऱ्या दिवशी चालवलं, तिथेही 0.5 च्या खालीच.

सेलमध्ये होतं काय, तर हीलियम कशाशीही रासायनिक क्रिया करत नाही. आर्गॉन-क्लोराईड दोन अणूंचा, आकाराने मोठा आयन असल्याने हीलियमवर जास्त वेळा आपटतो आणि जास्त ऊर्जा गमावतो. आर्सेनिक एकाच अणूचं, ते कमी आपटतं. सेलमधून बाहेर पडायच्या तोंडाशी काही व्होल्टचा चढ ठेवलेला असतो. दमलेले आयन तो चढत नाहीत, आर्सेनिक चढून जातं. त्याचेही काउंट्स कमी होतात, पण क्लोराईडवाल्याचे कितीतरी जास्त कमी होतात. सगळा फायदा या फरकात आहे, म्हणून ट्यूनिंगही फरकावरच करायला हवं.

आणि इथेच आमची सुरुवातीची चूक होती. ऑटोट्यून काउंट्स वाढवण्याकडे झुकायचं आणि आम्ही ते मान्य करायचो. आता मी दोन बाटल्या ठेवतो: एकीत 1 टक्का नायट्रिक आम्लात 1000 मिलिग्रॅम क्लोराईड, आर्सेनिक नाही, दुसरीत 1 मायक्रोग्रॅम आर्सेनिक, क्लोराईड नाही. हीलियमचा प्रत्येक फ्लो लावून दोन्ही मोजायच्या. पहिलीच्या काउंट्सला दुसरीच्या संवेदनशीलतेने भागलं की क्लोराईड किती मायक्रोग्रॅम आर्सेनिकचं सोंग घेतंय ते कळतं. आमच्याकडे गॅस नसताना ते 4.4 होतं, 2.5 मिलिलिटर प्रति मिनिटाला 0.9, 3.5 ला 0.18, 4.5 ला 0.04, 5.5 ला 0.03. संवेदनशीलता मात्र 4.5 ला 1500 काउंट्सवर आली आणि 5.5 ला 800 वर. तेव्हा 4.5 वर थांबलो. पुढे गेल्यावर खोटं जेमतेम कमी होतं आणि खरं निम्मं जातं. हे आमच्या यंत्राचे आकडे आहेत. तुमचा कोन, तुमची सेल वेगळी असेल, पण असा सपाट भाग तुम्हालाही दिसेल. शंकास्पद सॅम्पलही मी 3.5, 4.5 आणि 5.5 अशा तिन्ही फ्लोवर चालवतो. आकडा खाली येऊन स्थिरावला तर तो खरा, घसरतच राहिला तर अजून काहीतरी मिसळलेलं आहे.

क्लोराईडच्या बाटलीबद्दल एक सावधगिरी. आम्ही आधी साध्या ग्रेडचं मीठ विरघळवलं होतं आणि हीलियममध्येही 0.2 च्या खाली जाईना. दोष सेलचा नव्हता, त्या मिठातच आर्सेनिक होतं. अतिशुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लापासून बाटली केल्यावर ते गेलं.

सेलच्या आधी प्लाझ्मा नीट असावा लागतो. रोज सकाळी सेरियम ऑक्साईडचं प्रमाण, म्हणजे 156 भागिले 140, 1.5 टक्क्याच्या आत आहे का बघतो. वर गेलं तर हीलियम वाढवत बसत नाही. नेब्युलायझर गॅस थोडा कमी करतो, टॉर्चची खोली आणि स्प्रे चेंबरचं तापमान बघतो. मे महिन्यात वीज जाऊन एसी बंद पडला की हे प्रमाण दुपारपर्यंत सरकतं, म्हणून खारी सॅम्पल्स सकाळच्या रनमध्येच लावतो.

ऑगस्टमध्ये एकदा चेक बाटली 0.04 वरून 0.3 वर गेली. सेरियम ठीक, कोन स्वच्छ. लक्षात आलं की आर्सेनिकचे काउंट्स पडलेत, पण इंटर्नल स्टँडर्डचं जर्मेनियम जवळपास जागेवर आहे. प्लाझ्मा किंवा कोनची गडबड असती तर दोन्ही सोबत पडले असते. झिर्कोनियम नसलेल्या स्टँडर्डमध्ये 91 वर काउंट्स दिसले, म्हणजे आर्सेनिकला ऑक्सिजन जोडला जात होता. आदल्या दिवशी हीलियमचं रेग्युलेटर बदललं होतं आणि एक फिटिंग नीट आवळलेलं नव्हतं, तिथून हवा आत येत होती. आवळलं, लाइन तासभर पर्ज केली, 0.04 परत आलं. सिलिंडर 99.999 टक्क्यांचं असून भागत नाही, ती शुद्धता सेलपर्यंत पोचली पाहिजे.

सगळं हीलियमने सुटत नाही. बेरिलियम आणि बोरॉन हलके, सेलमध्ये त्यांचे काउंट्स फार पडतात, ते मी गॅसशिवायच मोजतो. निओडिमियम आणि समेरियमचे 150 वस्तुमानाचे आयन दुहेरी विद्युतभाराचे झाले तर तेही 75 वर येतात आणि हीलियम त्यांना अडवत नाही. आपल्या पाण्यात हे इतके नसतात, पण गाळ असलेलं सॅम्पल न गाळता आम्लात टाकलं तर लक्ष ठेवावं. पाऱ्यासाठी आम्ही आधी हायड्रोक्लोरिक घालायचो. ते बंद करून नायट्रिकमध्ये थोडं सोनं घालतो, स्वतःच्या हाताने क्लोराईड कशाला वाढवायचं.

एक गोष्ट मात्र खास आपल्या मातीची. गॅसशिवाय व्हॅनेडियम-51 वर क्लोरीन-ऑक्साईड बसतं, आणि हीलियम लावल्यावर ते शून्याला येईल असं मला वाटायचं. आलं नाही. अनेक बोअरमध्ये काही मायक्रोग्रॅम तसंच राहिलं. तिन्ही फ्लोवर चालवलं, आकडा हलला नाही. ते खरं व्हॅनेडियम आहे, आपल्या बेसाल्टच्या काळ्या दगडात ते मुळातच असतं. म्हणून सेल नीट चालते का हे सॅम्पलमधल्या व्हॅनेडियमवरून ठरवू नका. त्यासाठी क्रोमियमचे 52 आणि 53 जुळतात का बघा. गॅसशिवाय खाऱ्या पाण्यात 53 नेहमी वर जातं, क्लोरीन-37 च्या ऑक्साईडमुळे. हीलियममध्ये दोन्ही एकाच आकड्यावर यायला हवेत. आमच्या प्रत्येक रनमध्ये दर दहा सॅम्पलनंतर क्लोराईडची चेक बाटली लागते. ती 0.1 च्या वर गेली की मागची दहा सॅम्पल्स पुन्हा लावतो, रात्र झाली तरी.