लंबकाच्या तक्त्यातून g: सरासरी की आलेखाचा चढ?

इंदूरला अकरावीत शिकणाऱ्या भाचीनं लंबकावरून गुरुत्वत्वरण g काढायच्या प्रयोगाच्या तक्त्याचा फोटो पाठवून विचारलं, "मामा, सरासरी काढू की ग्राफ?" 20 दोलनांना लागलेला वेळ असा: 60 सेंमी लांबीला 31.5 सेकंद, 80 ला 36.3, 100 ला 40.5, 120 ला 44.3.

पहिली पद्धत सरळ आहे. वेळेला 20 नं भागून एका दोलनाचा काळ T काढायचा, लांबी L मीटरमध्ये घ्यायची, आणि g = 4π²L/T² हे प्रत्येक ओळीसाठी काढून सरासरी घ्यायची. उत्तरं येतात 9.55, 9.59, 9.63, 9.66. सरासरी सुमारे 9.6, आणि इंदूरला g असायला हवा साधारण 9.79.

इथे सरासरीपेक्षा त्या चार आकड्यांचा क्रम बघावा. लांबी वाढते तसा g वाढत जातो. हातानं घड्याळ दाबताना होणारी चूक कधी वर, कधी खाली जाते. ती अशी रांगेत चढत नाही. म्हणजे प्रत्येक लांबीत तेवढीच काहीतरी कमतरता आहे. आखूड दोऱ्यात ती जास्त बोचते. बहुधा दोरा फक्त हुकापर्यंत मोजला, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही. अशा चार ओळींऐवजी चाळीस घेतल्या तरी सरासरी ही चूक पुसणार नाही.

दुसरी पद्धत: आडव्या अक्षावर L, उभ्यावर T², आणि बिंदूंमधून सरळ रेषा. तिचा चढ 4.04 येतो. 4π² ला त्यानं भागलं की g = 9.77. लांबीतली कायमची चूक रेषेला नुसती बाजूला सरकवते, चढ बदलत नाही. वर ही रेषा उगमातून न जाता उभ्या अक्षाला 0.058 वर छेदते. त्याला चढानं भागलं की 1.4 सेंमी येतात. हुकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजून बघा, तेवढंच भरलं तर चोर सापडला.

पण चढ नाजूक असतो. शेवटची वेळ 44.3 ऐवजी 44.5 झाली, तर चढावरून g 9.61 वर घसरतो. सरासरी मात्र जेमतेम 0.02 नं हलते. टोकाच्या वाचनांचा रेषेवर फार जोर चालतो. शिवाय फोटोत 40.5 चा शून्य 6 वाटला, तर त्या ओळीचा g 7.30 येतो आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. म्हणून आलेख काढायचा असला तरी ओळींचा g आधी काढलाच पाहिजे.

तो एकाच दिशेनं सरकत असेल तर आलेख घ्या. वरखाली विखुरलेला असेल आणि लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजल्याची खात्री असेल, तर सरासरी पुरे. भाचीला मी आलेखच काढायला सांगितला.