रद्द दाखवलेली बिले आणि गल्ल्यातून गेलेले पैसे

आमच्या नळसामान आणि पंपांच्या दुकानात बिले करणाऱ्या कारकुनाने अनेक महिने रोख विक्रीचे पैसे लांबवले. ज्यांच्या दुकानात बिले एकच माणूस करतो आणि पैसेही तोच घेतो, त्यांनी ही पद्धत जाणून घ्यावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

उलगडा झाला तो बिघडलेल्या पंपामुळे. गॅरंटीत पंप बदलून मागण्यासाठी आलेल्या एका शेतकऱ्याने आमच्याच दुकानाचे छापील बिल पुढे केले. त्यावर क्रमांक होता HW/24-25/1217. संगणकात १२१६ नंतर थेट १२१८ होते. "शेठ, बिल तर तुमचंच आहे," असे ते म्हणाले आणि ते खरेच होते.

त्या नोव्हेंबर महिन्याचे पहिले बिल ११८१ आणि शेवटचे १२९६ होते. शेवटच्या क्रमांकातून पहिला वजा करून एक मिळवला की ११६ बिले व्हायला हवीत. विक्री नोंदवहीत १०९ होती. पण केवळ संख्या मोजून थांबू नये, कारण एखादा क्रमांक दोनदा नोंदला गेला असेल, तर एक गहाळ बिल त्या मोजणीत झाकले जाते. म्हणून नोंदवही एक्सेलमध्ये घेऊन आधी C या स्तंभात बिलाच्या नावातला नुसता अंक काढला आणि नंतर पूर्ण मालिकेशी ताडून पाहिला.

```
=VALUE(RIGHT(A2,4))
=FILTER(SEQUENCE(116,1,1181),COUNTIF(C2:C110,SEQUENCE(116,1,1181))=0,"")
```

पहिले सूत्र C2 पासून C110 पर्यंत ओढायचे असते, दुसरे एकाच मोकळ्या घरात लिहायचे असते. जुन्या एक्सेलमध्ये FILTER आणि SEQUENCE नसतात; तेथे अंक चढत्या क्रमाने लावून शेजारी =C3-C2 लिहावे. उत्तर १ पेक्षा जास्त आले तर तेथे खंड आहे, आणि शून्य आले तर क्रमांक दोनदा आला आहे. आमच्याकडे सात क्रमांक निघाले: ११८८, ११९६, १२१७, १२२९, १२४०, १२६२ आणि १२८७.

हे सात कोणाच्याच नजरेस का आले नाहीत, याचे उत्तर जीएसटीच्या विवरणपत्रात होते. GSTR-1 च्या तेराव्या तक्त्यात बिलांचा पहिला व शेवटचा क्रमांक, एकूण संख्या आणि रद्द संख्या एवढेच भरावे लागते. कोणती बिले रद्द झाली, हे तेथे विचारले जात नाही. कारकुनाने कर सल्लागाराला ११६ पैकी ७ रद्द असे कळवले, निव्वळ १०९ राहिली आणि हिशेब चोख जुळला. बिल रद्द होणे मुळीच गैर नाही, पण मालाच्या बिलाच्या तीन प्रती निघतात: ग्राहकाची, वाहतूकदाराची आणि आपली. बिल खरोखर रद्द झाले असेल, तर या तिन्ही प्रती दुकानातच सापडायला हव्यात. ११९६ आणि १२६२ च्या सापडल्या. उरलेल्या पाचांची एकही प्रत नव्हती, आणि राखणदाराच्या वहीत ते पाचही क्रमांक माल बाहेर गेल्याच्या नोंदीसह लिहिलेले होते. ग्राहकाच्या हाती छापील बिल द्यायचे, रोख घ्यायची आणि सवडीने नोंद पुसून टाकायची, असा तो प्रकार होता. घटलेला माल तो तुटफूट म्हणून दाखवत असे.

त्याने ग्राहकही विचार करून निवडले होते. जीएसटी क्रमांक असलेल्या व्यापाऱ्याचे बिल पुसले असते, तर त्या व्यापाऱ्याला आपल्या GSTR-2B मध्ये ते दिसले नसते आणि त्याने लगेच फोन केला असता. त्यामुळे पुसलेली सगळी बिले जीएसटी क्रमांक नसलेल्या, रोखीने घेणाऱ्या ग्राहकांची होती. माल विकला गेला असल्याने त्यावरचा कर मात्र आम्हालाच व्याजासह भरावा लागला.

या तपासणीला एक मोठी मर्यादा आहे. मालिकेतले शेवटचे बिल पुसले, की आमचे सॉफ्टवेअर पुढच्या बिलाला तोच क्रमांक पुन्हा देते आणि खंड पडतच नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये मधले बिल पुसले तरी पुढचे सगळे क्रमांक आपोआप मागे सरकतात. तेथे कोणतेही सूत्र रिकामेच परत येईल. अशा वेळी संगणकाबाहेरची नोंदच उपयोगी पडते. राखणदाराच्या वहीत १२५३ हा क्रमांक एकाच संध्याकाळी दोन वेगवेगळ्या गाड्यांसमोर लिहिलेला होता आणि संगणकात त्या क्रमांकाचे बिल एकच होते. ही सहावी चोरी आम्हाला केवळ त्या वहीमुळे कळली. आता बिल पुसण्याचा अधिकार कारकुनाच्या लॉगिनला ठेवलेला नाही, आणि रोज दुकान बंद करताना शेवटचा क्रमांक राखणदाराच्या वहीत मी स्वतः लिहून सही करतो.