वॉचमनचा पगार: घरटी, फुटावर की चुलीवर?

रात्रीचा वॉचमन ठेवायचा हे गल्लीत पाच मिनिटांत ठरतं. कुणी किती द्यायचं यावर तीन रविवार जातात. आमच्या बेळगावात टिळकवाडीकडच्या गल्लीत अगदी हेच झालं. एकांची बहीण पुण्याला असते. ते म्हणाले, "त्यांच्या सोसायटीत वॉचमनचे पैसे सगळ्यांना सारखे." दुसऱ्यांचा मुलगा बेंगळूरला. त्यांचं म्हणणं, "त्याच्याकडं चौरस फुटावर घेतात."

दोघंही खरंच बोलत होते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांत वॉचमनचा पगार सेवाशुल्कात धरतात आणि ते शुल्क लहान-मोठ्या प्रत्येक फ्लॅटला सारखं असतं. आपल्याकडं कर्नाटकात १९७२ चा अपार्टमेंट मालकीचा कायदा सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनं वाटतो, म्हणून मोठ्या फ्लॅटला जास्त. पण गल्लीतली घरं स्वतंत्र. सामाईक मालकीचं काहीच नाही, त्यामुळं यातला कुठलाच नियम आपल्याला लागत नाही. जे काही ठरेल ते आपसातलं, आणि उद्या कुणी हात वर केले तर वसुली करणार कोण? म्हणून कुठली पद्धत जास्त न्यायाची, यापेक्षा कुठल्या पद्धतीत घरं टिकून राहतील, हे मी आधी बघतो.

हिशेबासाठी आठ घरांची गल्ली धरू. दोन घरं वीस-चाळीसच्या साइटवर, म्हणजे ८०० चौरस फूट. चार घरं तीस-चाळीसची, १२०० फुटांची. दोन चाळीस-साठची, २४०० फुटांची. वॉचमनला महिना १४,४०० रुपये, आणि त्याच्या चार सुट्ट्यांना बदली माणूस रात्रीला ६०० नं, म्हणजे २,४००. एकूण १६,८००. (आकडे फक्त समजण्यापुरते, खरा पगार ठरवताना कामगार खात्याचा त्या वर्षीचा किमान दर बघा. एजन्सीकडून माणूस घेतला तर बदलीची कटकट मिटते, पण बिलात त्यांचं कमिशन आणि १८ टक्के जीएसटी धरावा लागतो.)

घरटी वाटणी केली तर प्रत्येकी २,१००. हिशेब शेंबड्या पोरालाही कळतो आणि मापं काढावी लागत नाहीत. बाजूही भक्कम आहे: वॉचमन शिट्टी मारत फिरतो तेव्हा लहान घरापुढं अर्धी शिट्टी मारत नाही. अडचण येते ती वीस-चाळीसवाल्यांना. पेन्शनवर चालणाऱ्या घराला दर महिन्याला २,१०० जड जातात. पहिले चार महिने येतात, मग "पुढच्या महिन्यात एकदम देतो" सुरू होतं.

फुटावर गेलो तर दर दीड रुपया पडतो. लहान घराला १,२००, मधल्याला १,८००, मोठ्याला ३,६००. माप घरपट्टीच्या कागदावर असतं, त्यामुळं फुटांवरून भांडण होत नाही. कागदावर ही पद्धत सगळ्यांत गोड दिसते, आणि मला सगळ्यांत जास्त भीती हिचीच वाटते. एक तर अख्खी गल्ली दोन घरांवर टेकते. त्यातलं एक बाहेर पडलं की ३,६०० चं भगदाड. दुसरं म्हणजे तिप्पट देणारा माणूस नकळत मालक होतो. आमच्याकडं सुरुवातीला फुटावरच होतं. दोन महिन्यांत वॉचमन पहाटे मोठ्या घरची गाडी पुसताना दिसायला लागला, मग कुंड्यांना पाणी, मग दुधाची पिशवी. पाचला गेटवर कुणीच नाही. विचारलं तर काका शांतपणे म्हणाले, "अहो, त्याच्या पगारातला सगळ्यांत मोठा वाटा माझाच न्हवं?" यावर काय बोलणार!

तिसरी पद्धत चुलीवर. एका मोठ्या घरात वर दोन बिऱ्हाडं, एका मधल्या घरात एक, म्हणजे एकूण अकरा चुली, प्रत्येकी सुमारे १,५२७. भाडं खाणाऱ्यानं जास्त द्यावं हे तत्त्व पटतं. पण बिऱ्हाडं बदलतात, खोल्या रिकाम्या राहतात, आणि दर वेळी नव्यानं मोजणी. "वरच्या खोलीत राहतो तो भाडेकरू नव्हे, माझा भाचा आहे," हे ऐकायची तयारी असेल तरच या वाटेला जावं.

आम्ही शेवटी निम्मं-निम्मं केलं. पगाराची अर्धी रक्कम, ८,४००, घरटी सारखी: १,०५०. उरलेली अर्धी फुटावर, पाऊण रुपया दरानं. लहान घराला १,६५०, मधल्याला १,९५०, मोठ्याला २,८५०. मोठं घर लहानाच्या दुपटीच्या आतच राहतं, त्यामुळं कुणी मालक होत नाही. आणि लहान घराचे घरटी पद्धतीपेक्षा ४५० रुपये वाचतात. शिवाय सुरुवातीलाच प्रत्येकाकडून एका महिन्याचा वाटा आगाऊ घेऊन बाजूला ठेवला. कुणी उशीर केला तरी वॉचमनचा पगार पाच तारखेला होतो.

बंद घरांचं काय, हा प्रश्न येणारच. कुणी फौजेत, कुणी गोव्याला नोकरीला, घराला कुलूप. माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण वाटा घ्यावा. रात्री वॉचमन सगळ्यांत जास्त राखतो ते कुलूपच.

गेटचा खर्च मात्र यात मिसळू नका. पगार ही सेवा आहे, ती राहणाऱ्यानं द्यावी, भाडेकरू असला तरी. गेट ही वस्तू आहे, ती घरमालकांची. आणि त्याआधी एक गोष्ट: रस्ता महापालिकेच्या ताब्यात असेल तर परवानगीशिवाय गेट उभारू नका, आणि परवानगी मिळाली तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवता येत नाही. वर कमानही नको. गणपतीची मूर्ती आणि अग्निशमनची गाडी दोन्ही आत यायला हवीत.

गेट झिजतं ते घराच्या आकारानं नाही, चारचाकीनं. पायी आणि दुचाकीवाले दिंडी दरवाजातून जातात. मोठी पाखं उघडतात ती कारसाठी. म्हणून आम्ही घरटी महिना ५० आणि दर कारमागं १०० असं घेतो. आठ घरं, सहा कार, म्हणजे महिन्याला १,००० आणि वर्षाला १२,००० जमतात. ग्रीस, वेल्डिंग आणि रंग त्यात भागतो.

गेट बिघडतंय हे आवाजाच्या आधी जमिनीवर दिसतं. पाख खाली बसलं की काँक्रीटवर अर्धवर्तुळाचा पांढरा ओरखडा उमटतो आणि खालची कडी भोकात पडत नाही. वॉचमन पाख हातानं उचलून लावायला लागतो. तेव्हाच बिजागरीचं वेल्डिंग करून घेतलं तर काम थोडक्यात होतं. चालढकल केली की वजन खांबावर येतं आणि खांबच कलतो. दुसरा शत्रू आपला पाऊस. चौकोनी पाइपात पाणी साठून तो आतून गंजतो. वरचा रंग ठणठणीत दिसतो आणि एक दिवस तळाशी बोट घुसतं. प्रत्येक उभ्या पाइपाच्या तळाला ड्रिलनं एक बारीक भोक पाडून घ्या. रंगाचं काम मे महिन्यातच: गंज खरवडून रेडऑक्साइड, ते वाळल्यावर ऑइलपेंट. गेल्या वर्षी आम्ही जूनवर ढकललं. दुसरा हात मारायला पावसानं उघडीपच दिली नाही, आणि गेट गणपतीपर्यंत लालच राहिलं.